लाल गाडीवर हिरवा रॅप चढवून बघताना

दादाच्या लाल गाडीला गडद हिरवा ग्लॉस रॅप, म्हणजे रंगावरून चिकटवायची चकचकीत फिल्म, करायचा होता. दुकानानं त्याला मोबाईलवर एक चित्र पाठवलं होतं. त्यात गाडी हिरवी होती खरी, पण बॉनेटवरचं आभाळही हिरवं होतं, दरवाज्यात दिसणारी समोरची पांढरी भिंतही हिरवी होती, आणि सगळी गाडी मऊ प्लॅस्टिकची वाटत होती. दादा म्हणाला, "रंग आवडला का नाही, हेच कळत नाहीये. तू बघ ना जरा." फोटोंवर काम करणं हा माझा जुना छंद असल्यामुळे ते माझ्याकडे आलं.

चित्र खोटं का वाटत होतं, ते आधी सांगतो. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअरकोट असतो. रंगीत कागदावर काच ठेवावी, तसाच हा प्रकार. प्रकाशाचा काही भाग क्लिअरकोट ओलांडून आत जातो, रंगकणांवर आपटून रंगीत होऊन बाहेर पडतो. बाकीचा भाग वरूनच परत फिरतो आणि त्याला गाडीचा रंग लागतच नाही. लाल गाडीत दिसणारं ढगाळ आभाळ राखाडीच असतं. आपल्या डोळ्यांना ते लालसर वाटतं, कारण त्या राखाडीच्या खाली लाल मिसळलेला असतो. म्हणजे फोटोतला प्रत्येक ठिपका ही एक बेरीज आहे: आतून आलेला रंग अधिक वरून परतलेलं प्रतिबिंब. रॅप केल्यावर बेरजेतला पहिला आकडा बदलतो. दुसरा जवळपास तसाच राहतो, कारण ग्लॉस रॅपचा वरचा थरही समोरून बघितलं तर क्लिअरकोटइतकाच, म्हणजे सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो. तिरकं बघत गेलं की हे प्रमाण वाढतं. 60 अंशांवर ते 9 टक्क्यांच्या आसपास असतं आणि 80 अंशांवर जवळजवळ 39. `Hue-Saturation` सारखी साधनं ही बेरीज ओळखत नाहीत. ती अख्खा ठिपका फिरवतात, म्हणून भिंत हिरवी होते.

तेव्हा काम एवढंच उरलं: फोटोतून बेरजेतले हे दोन वाटे वेगळे करायचे. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे अवघड असतं, पण इथे नशीब बरं होतं. गाडी साधी, भडक लाल होती; मेटॅलिक नव्हती. असा लाल रंग हिरवा आणि निळा प्रकाश जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळे फोटोच्या हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये रंगाचा वाटा नगण्य राहतो आणि जे दिसतं ते बहुतांशी प्रतिबिंब असतं. नुसता हिरवा चॅनेल उघडून बघा, लाल गाडी काळी दिसते आणि तिच्यात भिंत, खांब, झाडं, आभाळ स्वच्छ उमटलेलं असतं. लाल चॅनेलमध्ये मात्र रंग आणि प्रतिबिंब दोन्ही असतात. लालमधून हिरवा वजा केला की प्रतिबिंब निघून जातं आणि अंगाचा, म्हणजे आतून आलेल्या रंगाचा, उजेड-अंधार तेवढा शिल्लक राहतो.

ही वजाबाकी खरी ठरायची तर फोटोतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात असायला हवेत. मोबाईलचा नेहमीचा जेपीईजी इथे चालत नाही. त्यात सावल्या उचललेल्या असतात, उजेड दाबलेला असतो, आणि रंगाची माहिती कमी रिझोल्यूशनमध्ये साठवलेली असल्यामुळे वजाबाकी केल्यावर दरवाज्याच्या कडांना दातेरी रेघा येतात. म्हणून कॅमेऱ्यावर रॉ फोटो घेतला. दिवस मुद्दाम ढगाळ निवडला आणि गाडी डांबरी जागेवर उभी केली. राखाडी आभाळ आणि राखाडी जमीन असली की प्रतिबिंबातले लाल, हिरवा, निळा साधारण सारखे येतात आणि 'प्रतिबिंबातला लाल म्हणजे हिरव्याइतकाच' हे गृहीतक टिकतं. पोलरायझर काढून ठेवला. तो प्रतिबिंबच कापतो, आणि गोलाईमुळे तेही कुठे जास्त, कुठे कमी. आयएसओ सगळ्यात खाली ठेवला. लाल गाडीत हिरवा चॅनेल अंधारा असतो आणि पुढे तोच नव्या गडद रंगावर चढणार असल्यामुळे त्यातला नॉइजचा कण लगेच दिसतो.

ट्रायपॉडवरून दोन फोटो घेतले, सगळं मॅन्युअल ठेवून. एक नुसत्या गाडीचा. दुसऱ्यात रॅपच्या फिल्मचा तळहाताएवढा तुकडा दरवाज्याच्या खालच्या भागात, तिथल्या गोलाईला चिकटून बसेल असा टेपनं लावला होता, आणि दुसरा तुकडा बॉनेटवर. कॅमेरा हललेला नसल्यामुळे एकाच जागेचे दोन आकडे मिळतात: तिथे लाल रंग असताना किती आणि हिरवी फिल्म असताना किती. ढगांमुळे दोन फोटोंमधला उजेड बदलू शकतो, म्हणून मागच्या भिंतीवरची एक जागा दोन्हीत मोजली. ती जुळली तरच पुढे जायचं.

रॉ फाइल उघडायला `dcraw` वापरलं, कारण ते कसलीही सजावट न करता सरळ आकडे देतं:

```
dcraw -w -4 -T -o 4 gaadi.NEF
```

`-4` मुळे 16 बिटची लिनिअर फाइल मिळते, म्हणजे प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. `-o 4` म्हणजे प्रोफोटो हा रुंद कलरस्पेस. नेहमीच्या एसआरजीबीमध्ये भडक लाल मावत नाही. हिरवा आणि निळा शून्याखाली जाऊ पाहतात, तिथेच कापले जातात, आणि त्यांच्याबरोबर अंधाऱ्या भागातलं प्रतिबिंबही जातं. हिस्टोग्राममध्ये हिरव्या चॅनेलचा ढीग डाव्या भिंतीला चिकटलेला दिसला तर हेच झालंय असं समजावं. फाइल उघडल्यावर फोटो काळपट दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता दरवाज्यावरची एकच जागा जवळून बघू. समोरच्या पांढऱ्या भिंतीची कड पुढच्या दरवाज्यात उभी उमटली होती. कडेच्या बाहेर, जिथे दरवाज्यात अंधारं काहीतरी दिसत होतं, तिथे शून्य ते एकच्या मापावर लाल 0.24, हिरवा 0.03 आणि निळा 0.03. कडेच्या आत, भिंतीच्या प्रतिबिंबात, लाल 0.30, हिरवा 0.09, निळा 0.09. दोन्ही ठिकाणी लाल वजा हिरवा 0.21 येतो. पत्रा तोच, त्यावर पडणारा उजेड तोच, म्हणून अंगाचा वाटा तोच. भिंतीनं तिन्ही चॅनेलमध्ये 0.06 ची भर घातली एवढंच.

फिल्मचा तुकडा अंधाऱ्या बाजूला लावला होता. त्याचे आकडे आले लाल 0.048, हिरवा 0.072, निळा 0.060. त्यातून त्याच जागेचं प्रतिबिंब, 0.03, वजा केलं: 0.018, 0.042, 0.030. याला 0.21 नं भागलं की तीन गुणक मिळतात, 0.086, 0.20 आणि 0.143. दुकानाच्या रंगसंगती पुस्तकातला रंग किंवा कुठलाही कोड यात लागत नाही. खरी फिल्म खऱ्या उजेडात मोजलेली असते. याचा एक फायदा नंतर लक्षात आला. लाल रंगातूनही थोडा हिरवा प्रकाश परत येतोच, म्हणजे 0.03 हे शुद्ध प्रतिबिंब नाही. पण तो थोडासा वाटा अंगावरच्या उजेडाच्याच प्रमाणात असल्यामुळे गुणक काढताना आपोआप वळता होतो.

बाकीचं काम पायथॉनच्या या ओळी करतात:

```python
import numpy as np, tifffile as tf
im = tf.imread("gaadi.tiff").astype(np.float32) / 65535
R, G, B = im[..., 0], im[..., 1], im[..., 2]
ang = np.clip(R - G, 0, None)
pratibimb = np.stack([G, G, B], axis=-1)
m = np.array([0.086, 0.20, 0.143], dtype=np.float32)
nava = ang[..., None] * m + pratibimb
tf.imwrite("nava.tiff", (np.clip(nava, 0, 1) * 65535).astype(np.uint16))
```

प्रतिबिंबात हिरवा आणि निळा वेगवेगळे ठेवलेत, म्हणजे झाडाचं प्रतिबिंब थोडं झाडासारखं राहतं. लाल चॅनेलची माहिती मात्र रंगानं झाकलेली असते, तिथे हिरव्यावरच भागवावं लागतं. `nava.tiff` मध्ये कलर प्रोफाइल नसतं. मूळ फाइलचंच प्रोफाइल गिंपमध्ये `Assign Color Profile` नं दिलं की रंग जागेवर येतात.

भिंतीच्या त्या कडेचं काय झालं बघा. बाहेरच्या बाजूला हिरवा चॅनेल 0.072 आणि आत 0.132. लाल गाडीत भिंतीमुळे लाल चॅनेल 0.24 वरून 0.30, म्हणजे पाव हिश्शानं वाढत होता. गडद हिरव्यात तीच भिंत उजेड जवळपास दुप्पट करते. भर तेवढीच, पण खालचा रंग काळवंडल्यामुळे ती उठून दिसते. गडद गाड्या चकचकीत का वाटतात आणि त्यांच्यावर पत्र्याचा पोचा, धूळ, पॉलिशचे ओरखडे का लपत नाहीत, त्याचं कारण हेच. नुसता रंग फिरवला असता तर 0.072 चं 0.09 झालं असतं. ते प्लॅस्टिकपण इथूनच येतं.

दादाला मी सगळ्यात आधी दाखवला तो नवा फोटो नव्हे, तर वजाबाकीतून निघालेला `ang` चा करडा फोटो. काम बरोबर झालंय की नाही हे तिथेच कळतं. या फोटोत गाडी खडूनं रंगवल्यासारखी, निस्तेज दिसायला हवी. भिंत, खांब, क्षितिजाची रेघ यातलं काहीही दिसता कामा नये. काही ठिकाणी ते दिसलंच. मागच्या फेंडरवर आभाळाचा थोडा निळसर तुकडा उमटला होता, आणि तिथे करड्या फोटोत एक काळपट डाग होता. निळसर प्रतिबिंबात लालपेक्षा हिरवा जास्त असतो, म्हणून वजाबाकी गरजेपेक्षा जास्त होते. तेवढ्या भागापुरतं वजा करण्याआधी हिरव्याला एकापेक्षा कमी आकड्यानं गुणायचं आणि डाग आसपासच्या पत्र्यात मिसळेपर्यंत तो आकडा खाली आणायचा. उलट डाग उजळ दिसला तर आकडा वर न्यायचा. निरभ्र दिवशी हीच कसरत सगळ्या गाडीभर करावी लागली असती.

पुढच्या फेंडरच्या धारेवर वेगळीच भानगड. तिथली चमक इतकी प्रखर होती की लाल चॅनेल 1 ला जाऊन थांबला आणि हिरवा 0.85 पर्यंत वाढत राहिला. फरक उरला 0.15, आजूबाजूला मात्र 0.3 च्या वर. म्हणजे सगळ्यात उजळ रेघेच्या मधोमध करड्या फोटोत मातकट पट्टा. खरं तर एक्स्पोजर लाल चॅनेल बघून आणखी खाली ठेवायचं असतं. ज्या कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम फक्त एकूण उजेडाचा असतो, त्यात लाल फुटलेला कळत नाही. एवढ्याशा पट्ट्यासाठी पुन्हा फोटो न काढता शेजारचा करडा तिथे क्लोन केला. चमक प्रतिबिंबाच्या लेयरमध्ये शाबूत असतेच.

तिसरी जागा दरवाज्याच्या हँडलखाली. हँडल गाडीच्याच रंगाचं, आणि त्याच्यावरून परतलेला लाल उजेड खालच्या दरवाज्यावर पडतो. आपला हिशेब धरून चालतो की अंगावर पडणाऱ्या उजेडाला गाडीचा रंग नाही, इथे आहे. म्हणून हँडलखालचा भाग नव्या फोटोत नको इतका फिका झाला. आरशाखाली आणि बंपर बॉनेटला भिडतो तिथेही तसंच. हे हातानंच सावरावं लागतं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

मास्कबद्दल फार लिहीत नाही, ते कंटाळवाणं काम आहे. काचा, दिवे, रबर, काळं प्लॅस्टिक आणि पॅनेलांमधल्या फटी वगळून गिंपमध्ये पाथ काढला, कडा पिक्सेलभर मऊ ठेवली. फक्त एक गोष्ट हमखास राहून जाते: गाडीखालची जमीन. लाल गाडीच्या सिलखाली डांबरावर लालसर झाक पडलेली असते, चाकाच्या रिमवरही. ती तशीच ठेवली तर बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. तिथला लाल थोडा उतरवला. गडद हिरव्याची झाक एवढी क्षीण असते की वेगळी घालायची गरज पडली नाही.

बॉनेटवरचा तुकडा मी मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवला होता. गुणक दरवाज्यावरून काढले, मग बॉनेटवर काय यायला हवं ते मोजून फिल्मच्या खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं. तिथे लाल रंगाचे आकडे होते 0.62, 0.30, 0.31. हिशेबानं नवा रंग आला सुमारे 0.33, 0.36, 0.36, फिल्मवर मोजला 0.32, 0.35, 0.35. किंचित फरक राहिला, आणि तो राहणारच. फिल्मचा पृष्ठभाग क्लिअरकोटइतका सपाट नसतो, प्रतिबिंब थोडं पसरतं. पण त्या तीन आकड्यांकडे बघून दादा गप्प झाला. तिन्ही जवळजवळ सारखे. "म्हणजे बॉनेट हिरवं दिसणारच नाही?"

"ढगाळ दिवशी, या कोनातून, नाही दिसणार," मी म्हटलं. "राखाडी दिसेल. हिरवा दिसेल तो गाडीच्या कमरेच्या रेघेखाली, खिडक्यांखालच्या पत्र्यावर."

हातात धरलेल्या तुकड्यावरून हे कधीच कळत नाही, कारण तुकडा आपण समोरून बघतो, 4 टक्के प्रतिबिंबात. बॉनेट आपल्याला कायम तिरकं दिसतं. माझ्या मते गडद रंग निवडताना सॅम्पल हातात घेऊन बघण्यापेक्षा ते बॉनेटवर टाकून दहा पावलं मागे जाऊन बघावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग दादाला सॅटिनही बघायचं होतं. सॅटिनमध्ये प्रतिबिंब जात नाही, विस्कटतं. एकूण परतलेला प्रकाश फारसा घटत नाही, तो रुंद भागावर पसरतो. म्हणून `ang` तसाच ठेवून फक्त प्रतिबिंबाचा लेयर ब्लर करायचा. पण सगळ्या गाडीवर एकदम ब्लर मारला की फटींमधून उजेड गळतो आणि दरवाज्याच्या कडेला फेंडरचं आभाळ येऊन बसतं. प्रत्येक पॅनेल सुटं करून, त्याच्या मास्कच्या आतच ब्लर केलं. शिवाय जवळची वस्तू कमी विस्कटते आणि लांबची जास्त: हँडलचं प्रतिबिंब मुळाशी ओळखू येतं, समोरची भिंत मात्र नुसता उजळ पट्टा होऊन जाते. हे मी ब्लरच्या दोन वेगळ्या मात्रा करून मास्कनं जोडलं, त्यात हिशेबापेक्षा नजरेचा भाग जास्त. फेंडरवरची ती फुटलेली चमक इथे अडचणीची ठरली. फोटोत ती 1 ला कापलेली होती, प्रत्यक्षात कितीतरी जास्त असणार, आणि कापलेली चमक पसरवली की मिळतो मळका करडा डाग. सॅटिन किंवा मॅट बघायचं असेल तर सुरुवातीलाच आणखी दोन-तीन अंधारे फोटो घेऊन चमकेचा खरा आकडा मिळवावा लागतो. सॅटिनसाठी मी तेवढ्यासाठी पुन्हा ट्रायपॉड लावला.

ही रीत सगळ्या गाड्यांना लागू नाही. पिवळ्या गाडीत निळा चॅनेल रिकामा मिळतो, गडद निळ्या गाडीत लाल. तिथे हेच गणित चॅनेल बदलून चालतं. पांढऱ्या, चंदेरी आणि करड्या गाडीत एकही चॅनेल रिकामा नसतो, त्यामुळे वजा करायला काही हाती लागत नाही. मेटॅलिक रंगात आतले कणच कोनागणिक चमकतात, तिथे 'अंग' आणि 'प्रतिबिंब' अशी सरळ फोड होत नाही. कोनानुसार रंग बदलणारी फिल्म किंवा क्रोम असेल तर एका फोटोवरून काही ठरवू नये. काळ्या गाडीचं उलटं आहे: तिच्या फोटोत जवळपास सगळं प्रतिबिंबच असतं, ते आयतं मिळतं, पण अंगावर उजेड किती पडलाय हे कळायला काही उरत नाही.

दादानं शेवटी ग्लॉसच घ्यायचं ठरवलं, पण दोन छटा उजळ हिरवा. त्या फिल्मचा तुकडा आणून दरवाज्यावर लावला, नवे गुणक काढले आणि नुसत्या गाडीचा तोच फोटो पुन्हा चालवला. मास्क तयार असल्यामुळे याला वेळ लागला नाही. मग मी दरवाजा उघडून आणखी एक फोटो घेतला आणि फक्त बाहेरचं पॅनेल हिरवं केलं. साध्या कामात रॅप दरवाज्याच्या आतल्या चौकटीवर चढवत नाहीत, तिथला लाल लालच राहतो. तो फोटो बघून दादानं चौकटीच्या कामाचे वेगळे पैसे किती, ते विचारायला फोन लावला.